फोनची भाषा मराठी केली आणि बिल कोसळलं

वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसून दोघा भावांनी रतीबाच्या दुधाचा हिशोब ठेवणारं ॲप बनवलं होतं. सकाळी कोणाकडे किती लिटर टाकलं ते नोंदवायचं, गिऱ्हाईक गावाला गेलं असेल तर खाडा लावायचा आणि महिनाअखेरीला बिल काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचं. मी कळव्याला राहते. छोट्या डेव्हलपरांची ॲप्स आणि गेम तपासून देणं हे माझं काम आहे. या दुधाच्या ॲपमधला एक बग इथे सविस्तर सांगते, कारण फोन मराठीत वापरणाऱ्यालाच तो दिसतो आणि फोन मराठीत ठेवून तपासणारे टेस्टर मला फार कमी भेटले आहेत.

आधी हे काम मिळालं कसं ते सांगते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यासाठी गुगल प्लेचा एक नियम आहे. ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी त्याची क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे ठरावीक लोकांनाच ॲप देऊन केलेली चाचणी, करावी लागते. सुरुवातीला त्यासाठी २० टेस्टर लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये ती संख्या १२ वर आली. हे टेस्टर सलग १४ दिवस चाचणीत सामील असावे लागतात. त्यामुळे एकट्यादुकट्या डेव्हलपरची बारा माणसं गोळा करताना दमछाक होते. चुलतभाऊ, कॉलेजचे मित्र, सोसायटीतले शेजारी ॲप टाकतात, एकदा उघडतात आणि विसरतात. या भावांची लिंक आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आली होती. मी सामील झाले, ॲप खरोखर वापरलं आणि दिसलेल्या गोष्टी स्क्रीन रेकॉर्डिंगसह त्यांना पाठवल्या. क्लोज्ड टेस्टिंगमधला अभिप्राय फक्त डेव्हलपरलाच दिसतो, स्टोअरवर जाहीर होत नाही. म्हणून तिथे मोकळेपणाने लिहिता येतं.

पुढचं नीट तपासून हवं असेल तर मी त्याचे पैसे घेते, असं मी त्यांना सांगितलं आणि एका पानावर लिहून दिलं. कोणत्या दोन फोनवर तपासणार, ॲपमधली कोणती कामं करून बघणार, रिपोर्ट कसा देणार, आणि दुरुस्तीनंतर एकदा फेरतपासणी त्यातच धरलेली. एका फेरीचे २,५०० रुपये, निम्मे आधी यूपीआयने. काय तपासणार नाही हेही त्यात होतं: आयफोन नाही, सुरक्षेची तपासणी नाही. ही मर्यादा आधी लिहिलेली असली की नंतर वाद होत नाहीत.

युटेस्ट, टेस्ट आयओ अशा परदेशी प्लॅटफॉर्मवरही मी काम करते. तिथे खातं फुकट उघडतं. आपल्याकडे कोणते फोन आहेत ते भरायचं आणि त्यानुसार कामाची बोलावणी येतात. पैसे बहुतेक वेळा मंजूर झालेल्या बगमागे मिळतात. तोच बग दुसऱ्या कोणी आधी नोंदवला असेल तर आपला ‘डुप्लिकेट’ ठरतो आणि हातात काही येत नाही. म्हणून तिथे जिथे सगळे बघतात तिथे बघून फारसं भागत नाही. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते. ‘ॲपला रेटिंग द्या, घरबसल्या कमवा’ म्हणत टेलिग्रामवर जे येतात, ते आधी थोडे पैसे देतात आणि मग पुढच्या ‘टास्क’साठी डिपॉझिट भरायला लावतात. ते टेस्टिंग नाही, फसवणूक आहे. टेस्टिंगच्या कामात टेस्टरने पैसे भरायचे नसतात. कोणी भरले असतील तर लगेच १९३० वर फोन करावा.

तर दुधाचं ॲप. प्लेवर आल्यावर दोनेक महिन्यांनी धाकट्या भावाचा फोन आला. खारेगावातले एक डेअरीवाले काका म्हणतायत की ‘बिल काढा’ दाबलं की ॲप बंद होतं. “ताई, आमच्या एकाही फोनवर होत नाही हो. काकांच्या फोनमध्येच काहीतरी असेल.”

खारेगाव माझ्या घराजवळच, म्हणून मी डेअरीवर गेले. काकांनी दाखवलं. रोजच्या नोंदी व्यवस्थित होत होत्या, पण गिऱ्हाइकाच्या नावावर जाऊन ‘बिल काढा’ दाबलं की स्क्रीन क्षणभर पांढरी होऊन फोन थेट होम स्क्रीनवर यायचा. दर वेळी, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बाबतीत. “महिना संपला, आता बिलं हाताने लिहू का?” असं काका म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या फोनवरून तीन गोष्टी टिपून घेतल्या: अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती आणि फोनची भाषा. काकांचा सगळा फोन मराठीत होता. घड्याळातले आकडेसुद्धा देवनागरी.

बग दिसला म्हणजे निम्मं काम झालं. तो नेमका कशामुळे होतो हे वेगळं काढेपर्यंत डेव्हलपरच्या हाती काही लागत नाही. काकांचा फोन आणि भावांचे फोन यांत शंभर फरक होते: कंपनी वेगळी, रॅम कमी, गिऱ्हाइकं जास्त, नावं मराठीत लिहिलेली, नेट अधूनमधून जाणारं. यातला एकेक फरक सुटा करून पाहावा लागतो, आणि एका वेळी एकच बदलायचा हा नियम मी मोडत नाही.

घरी माझ्या जुन्या फोनवर तीच आवृत्ती, १.४.२, टाकली. फोन इंग्रजीत ठेवला. एकच गिऱ्हाईक, एकच नोंद: दीड लिटर, दर ६४ रुपये. बिल निघालं, ९६ रुपये. मग गिऱ्हाइकाचं नाव मराठीत लिहिलं, तरी निघालं. विमान मोड लावून नेट बंद केलं, तरी निघालं. पुष्कळ गिऱ्हाइकं भरून पाहिली, बिल निघतच होतं. शेवटी बाकी काही न बदलता सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी सगळ्यात वर नेली आणि ‘बिल काढा’ दाबलं. ॲप बंद.

इथे थांबून ‘मराठीत चालत नाही’ असं लिहून देता आलं असतं, पण अजून एक प्रश्न शिल्लक होता. अडचण देवनागरी अक्षरांची आहे की आणखी कशाची? म्हणून भाषा हिंदी केली. बिल निघालं. मग नेपाळी केली. ॲप बंद. तिन्ही भाषांची लिपी एकच, तरी हिंदी चालते आणि मराठी-नेपाळी कोसळतात. फरक आकड्यांचा आहे. जगभरच्या भाषांसाठी तारखा आणि आकडे कसे दाखवायचे याची युनिकोडची सीएलडीआर नावाची सामाईक माहिती अँड्रॉइड वापरतं. तिच्यात हिंदीचे नेहमीचे आकडे इंग्रजी वळणाचे ठरवलेले आहेत, तर मराठी आणि नेपाळीचे देवनागरी. ॲपने संख्येचा मजकूर केला की हिंदी फोनवर त्यात `96.00` येतं आणि मराठी फोनवर ९६.००.

अंदाज पक्का करायला क्रॅशची नोंद हवी होती. फोनच्या माहितीत ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करून फोन लॅपटॉपला जोडला आणि ही आज्ञा दिली:

```
adb logcat -b crash
```

मग ॲप पुन्हा पाडलं. बऱ्याच ओळी आल्या, पण कामाची ही एक:

```
java.lang.NumberFormatException: For input string: "९६.००"
```

म्हणजे ॲपने बेरीज दोन दशांशांपर्यंत नीट करायला तिचा मजकूर बनवला, तो मराठी आकड्यांत झाला, आणि तोच मजकूर पुन्हा संख्येत बदलायला गेल्यावर ॲपला तो वाचता आला नाही. जावाचं पूर्णांक वाचणारं फंक्शन देवनागरी आकडे ओळखतं, दशांश वाचणारं ओळखत नाही. म्हणूनच ॲपमधले बाकीचे हिशोब चालत होते आणि बिलावरच पडत होतं.

रिपोर्ट मी असा पाठवला:

शीर्षक: फोनची भाषा मराठी असताना ‘बिल काढा’ दाबल्यावर ॲप बंद पडतं, इंग्रजी आणि हिंदीत पडत नाही.
कुठे: ॲप १.४.२, अँड्रॉइड १२, ३ जीबी रॅम. काकांचा फोन अँड्रॉइड १३, तिथेही तेच.
आधीची स्थिती: ॲप नव्याने टाकलेलं, आतला डेटा रिकामा.
पायऱ्या: १) फोनच्या भाषांच्या यादीत मराठी सगळ्यात वर ठेवा. २) ॲपमध्ये एक गिऱ्हाईक तयार करा, दर ६४. ३) आजची दीड लिटरची नोंद करा. ४) गिऱ्हाइकाच्या पानावर ‘बिल काढा’ दाबा.
व्हायला हवं: ९६ रुपयांचं बिल दिसावं.
होतं ते: ॲप लगेच बंद होतं. दर वेळी.
कुठे होत नाही: इंग्रजी, हिंदी. नेपाळीत होतं. नाव कोणत्या लिपीत आहे, नेट आहे की नाही, गिऱ्हाइकं किती, याने फरक पडत नाही.
किती गंभीर: फोन मराठीत असलेल्या कोणालाही बिल काढता येत नाही. नोंदी शाबूत आहेत.
सोबत: स्क्रीन रेकॉर्डिंग, क्रॅशची नोंद.
माझा अंदाज (तपासावा): संख्येचा मजकूर करताना फोनची भाषा वापरली जाते.

यातली ‘कुठे होत नाही’ ही ओळ बहुतेक रिपोर्टांत नसते आणि डेव्हलपरचा सर्वांत जास्त वेळ तीच वाचवते. अंदाज मी नेहमी शेवटी आणि वेगळा लिहिते. पाहिलेलं आणि वाटलेलं एकाच वाक्यात मिसळलं, की अंदाज चुकीचा निघाल्यावर पाहिलेल्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. ‘आधीची स्थिती’ही हवीच. आत आधीचा डेटा आहे की नाही याने कितीतरी बगांचं वागणं बदलतं. पायऱ्यांमध्ये मी सर्वांत लहान उदाहरण देते. तीस दिवसांच्या नोंदी करायला लावलं तर कोणी करून बघत नाही. एका नोंदीत होत असेल तर लगेच बघतात.

धाकट्याचा निरोप तासाभरात आला: “ताई, झालं माझ्याकडे. अगदी तुम्ही म्हणता तसंच.” मूळ ओळ त्याने मला दाखवली:

```
val total = "%.2f".format(sum).toDouble()
```

आणि दुरुस्ती:

```
val total = "%.2f".format(Locale.US, sum).toDouble()
```

भाषा सांगितली नाही की हे फंक्शन फोनची भाषा धरतं. अँड्रॉइड स्टुडिओ अशा ठिकाणी `DefaultLocale` नावाची सूचनाही देतं, पण पिवळ्या सूचनांच्या गर्दीत ती सहज राहून जाते. मी त्याला एवढंच म्हटलं की गिऱ्हाइकाला स्क्रीनवर जे दिसतं तिथले मराठी आकडे काढू नकोस, काकांना तेच हवे आहेत. फक्त ॲप स्वतःसाठी जो मजकूर साठवतं किंवा पुन्हा वाचतं, तिथेच भाषा पक्की कर. त्याने सगळा कोड धुंडाळून अशा जागा दुरुस्त केल्या आणि १.४.३ पाठवलं.

खरा धोका या दुरुस्तीतच होता.

फेरतपासणी मी दोन प्रकारे करते. एकदा ॲप काढून नव्याने टाकून, आणि एकदा जुन्या आवृत्तीवर नवी चढवून. पहिल्या प्रकारात सगळं सुरळीत झालं, मराठीत बिल निघालं. दुसऱ्यासाठी मी १.४.२ टाकलं, फोन मराठीत ठेवून महिनाभराच्या नोंदी भरल्या, म्हणजे दीड लिटर, ६४ रुपये, ३० दिवस, बिल २,८८० यायला हवं. मग वरून नवी आवृत्ती चढवली:

```
adb install -r ratib-1.4.3.apk
```

इथे एक अडचण येते. प्लेवरून टाकलेल्या ॲपवर डेव्हलपरने हाताने दिलेली फाइल सहसा चढत नाही, कारण दोन्हींची सही वेगळी असते आणि फोन ती नाकारतो. म्हणून जुनी आणि नवी अशा दोन्ही फाइली मी त्याच्याकडूनच मागून घेतल्या होत्या.

बिल निघालं. ॲप बंद पडलं नाही. रक्कम शून्य.

क्रॅशपेक्षा हे वाईट. क्रॅश झाला की माणूस फोन तरी करतो. इथे ॲप शांतपणे सांगत होतं की महिनाभर दूध घातलंच नाही. नोंदींचं पान उघडलं तर तेही कोरं. भाषा पुन्हा इंग्रजी करून बघितली, तरी कोरंच. पण एक नवी नोंद केली की ती दिसायची.

कारण तारखेत होतं. प्रत्येक नोंदीची तारीख ॲप मजकूर म्हणून साठवत होतं, आणि १.४.२ मध्ये तीही फोनच्या भाषेतच व्हायची. काकांच्या फोनमध्ये मार्चच्या नोंदी २०२५-०३-०१ अशा देवनागरी आकड्यांत पडल्या होत्या. शोधणारा कोडही तेव्हा देवनागरीतच शोधायचा, म्हणून सगळं जुळत होतं. नव्या आवृत्तीत शोध `2025-03-01` ते `2025-03-31` असा झाला. डेटाबेसच्या लेखी हे दोन पूर्णपणे वेगळे मजकूर. नोंदी पुसल्या गेल्या नव्हत्या, पण कुठल्याच शोधात सापडत नव्हत्या. फोन इंग्रजीत असलेल्यांना याचा काहीच त्रास झाला नसता. ज्यांच्यासाठी दुरुस्ती केली, नेमका त्यांचाच मागचा सगळा हिशोब गायब झाला असता.

मी आधी फोन केला आणि मग रिपोर्ट लिहिला. एरवी मी लेखी रिपोर्टवरच चालते, पण १.४.३ त्या संध्याकाळी प्लेवर जाणार होतं. थोरल्याने ते थांबवलं. १.४.४ मध्ये ॲप पहिल्यांदा उघडताना जुन्या तारखा एकदाच बदलून घेण्याची सोय केली. त्यासाठी मी तीन प्रकारचा जुना डेटा तयार करून दिला: पूर्ण मराठीत भरलेला, पूर्ण इंग्रजीत भरलेला, आणि अर्धा महिना इंग्रजी व अर्धा मराठी असा मिसळलेला. तिसरा महत्त्वाचा, कारण मध्येच भाषा बदलणारी माणसं असतात. मुलगा बाबांचा फोन मराठीत लावून देतो, तसं. त्या मिसळलेल्या फोनवर १.४.२ मध्ये आधीच अर्ध्या महिन्याचंच बिल येत असणार, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नसणार. तिन्ही प्रकारच्या डेटावर १.४.४ ने २,८८० दाखवले, तेव्हा मी ‘ठीक’ म्हटलं. काकांचं त्या महिन्याचं बिल दोन दिवस उशिरा निघालं, पण पूर्ण निघालं.

यानंतर मी भाव वाढवला नाही, पण माझ्या पानावर एक ओळ वाढवली: मराठी फोनवर तपासणी, जुन्या आवृत्तीवरून अपग्रेडसह. तिच्यावरूनच पुढची कामं आली. एक फळभाजीचं ॲप, एक भिशीचा हिशोब ठेवणारं, आणि ऐरोलीत राहणाऱ्या एका तमिळ मुलाचा शब्दकोड्यांचा गेम.

गेममध्ये बग वेगळा होता. त्याने तो युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केला होता आणि मजकुरासाठी तिथलं टेक्स्टमेशप्रो वापरलं होतं. देवनागरीत अक्षरं जोडून मांडावी लागतात, आणि ते काम टेक्स्टमेशप्रो स्वतःहून करत नाही. त्यामुळे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षरं हलन्त दाखवत सुटी होतात. ‘शक्ती’मधला क मोडका दिसतो आणि ‘किनारा’मधली वेलांटी ‘न’वर जाऊन बसते. मराठी वाचणाऱ्याला हे क्षणात खटकतं. त्या मुलाला मराठी वाचता येत नव्हतं, त्याच्या दृष्टीने स्क्रीनवर मराठी दिसत होतं आणि विषय संपला होता. अशा वेळी ‘अक्षरं तुटलीत’ असं लिहून काहीच पोचत नाही. मी प्रत्येक स्क्रीनशॉटशेजारी तोच शब्द फोनच्या नोट्समध्ये लिहून त्याचा स्क्रीनशॉट लावला, दोन्हींत फरकाच्या जागी लाल गोल केला आणि मूळ शब्द कॉपी करता येईल असा मजकूर म्हणून खाली दिला. त्याने मराठी न वाचता दोन चित्रं ताडून दुरुस्ती केली. कोड्यांचे शब्द ठरलेलेच होते, म्हणून ते आधी नीट मांडून चित्ररूपात घेतले. मेन्यूसाठी मात्र अक्षरं जोडून देणारा वेगळा प्लगइन लावावा लागला, आणि प्रत्येक आवृत्तीत मी तो मेन्यू पुन्हा वाचते, कारण नवा शब्द आला की नवं जोडाक्षर येतं. पुढच्या फेरीत त्याला ‘ज्ञ’ आणि ‘श्र’ असलेले शब्द घालायचे आहेत, त्यांची यादी मी त्याला आधीच पाठवून ठेवली आहे.